‘साहेबांनी सांगितलं’ याचा कागद

१. अडचण नेमकी कुठे आहे?

सरकारी नोकरीत नव्याने रुजू झालेला माणूस पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न विचारू लागतो. साहेबांनी जाता जाता एक काम सांगितलं. ते लेखी मागितलं, तर ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं ऐकावं लागेल. न मागता केलं आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ हे ऐकावं लागेल. मग करायचं काय?

या प्रश्नाला भारतीय प्रशासनाने उत्तर देऊन ठेवलेलं आहे आणि ते वर्तणूक नियमांत छापलेलं आहे. वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा. तोंडी द्यावाच लागला, तर ज्याने तो घेतला त्याने लवकरात लवकर लेखी पुष्टी मागावी, आणि ज्याने दिला त्याने ती द्यावी. यातला पुष्टी हा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

लग्नाच्या कार्यालयात एखादा काका आचाऱ्याला म्हणतो, ‘अजून पन्नास पानं वाढवा हो.’ जाणता आचारी मान डोलावतो, पण लगेच यजमानाला निरोप धाडतो: ‘काकांनी पन्नास पानं जास्तीची सांगितली आहेत, ठरलेल्या दरानेच लावतो, चालेल ना?’ यजमानाने ‘हो’ म्हटलं की पानं किती, दर कोणता आणि पैसे कोण देणार हे तिन्ही प्रश्न एका वाक्यात मिटतात. ‘नाही, पंचवीसच’ असं उत्तर आलं, तर स्वयंपाक वाया जाण्याआधीच ते कळतं. कचेरीतली लेखी पुष्टीही नेमकं हेच करते. काम किती हे ती ठरवते आणि त्याचा भार कोणावर हेही ठरवते. ती अविश्वासाची खूण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांचं लक्ष बहुधा दुसऱ्या उपयोगावरच असतं. पहिला उपयोग रोजच्या कामात जास्त पडतो.

२. सव्वा कोटींचा आदेश कोणाचा?

पुष्टी नसली की काय होतं, याचं स्वतंत्र भारतातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईत घडलं.

आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झालं. खासगी विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करून उभ्या राहिलेल्या या संस्थेत लाखो विमाधारकांचा पैसा होता. तिच्यावर सरकारने किती आणि कसा अधिकार चालवायचा, हे एलआयसी कायद्याच्या कलम २१ मध्ये ठरवून दिलं होतं. सार्वजनिक हिताच्या धोरणात्मक बाबींवर केंद्र सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकेल, पण ते लेखी द्यायचे.

पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, एलआयसीने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर विकत घेतले. रक्कम सव्वा कोटी रुपयांच्या आसपास होती. मुंदडा तेव्हा आर्थिक अडचणीत होते. एलआयसीची स्वतःची गुंतवणूक समिती होती, पण खरेदीआधी तिला विचारलं गेलं नाही. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी हे प्रकरण लोकसभेत मांडलं. सत्ताधारी पक्षाचाच खासदार सरकारला घेरतो आहे, हे दृश्य त्या काळात नवं होतं.

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली, ती ऐकायला लोकांची गर्दी होई, आणि फेब्रुवारीत अहवाल देऊन ते मोकळेही झाले.

आयोगापुढचा एक मोठा प्रश्न ऐकायला सोपा होता: शेअर घ्यायला कोणी सांगितलं? एलआयसीचे अध्यक्ष जी. आर. कामत अर्थखात्याचे प्रमुख सचिव एच. एम. पटेल यांच्याकडे बोट दाखवत होते. पटेल यांचं म्हणणं होतं की अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांची संमती होती. अर्थमंत्री म्हणत होते की आपण या व्यवहाराला मंजुरी दिलेली नाही. म्हणजे तीन पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवरून पुढे गेलेला शब्द तोंडी होता. कलम २१ खालचा लेखी निर्देश एलआयसीकडे गेलेला नव्हता. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना त्यामुळे एका संभाषणाचा अर्थ साक्षीपुराव्यांतून काढत बसावं लागलं. मंत्री नेमकं काय म्हणाले, कोणत्या सुरात म्हणाले, ‘बघा’ म्हणाले की ‘करा’ म्हणाले, यावर उलटतपासण्या झाल्या.

छागलांनी निष्कर्ष काढला की आपल्या सचिवाच्या कृतीपासून मंत्र्याला हात झटकता येणार नाहीत आणि घटनात्मक जबाबदारी त्याचीच. कृष्णम्माचारी यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. अधिकाऱ्यांच्या वागणुकीची चौकशी पुढे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांच्या मंडळाने केली.

या कथेत आपल्या विषयाच्या दृष्टीने एक जागा महत्त्वाची आहे. कामतांनी पटेलांना त्याच दिवशी चार ओळी लिहिल्या असत्या, ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे अमुक कंपन्यांचे अमुक रकमेचे शेअर घेत आहोत, हा सरकारचा निर्देश समजावा काय?’ असं विचारलं असतं, तर दोनच गोष्टी घडू शकत होत्या. ‘होय’ आलं असतं, तर जबाबदारी कागदावर वर सरकली असती. ‘नाही, निर्णय महामंडळाचा’ असं आलं असतं, तर प्रकरण गुंतवणूक समितीकडे गेलं असतं. दोन्ही वेळा सव्वा कोटी रुपये बाहेर पडण्याआधीच निर्णयाला मालक मिळाला असता.

३. नियम दोन्ही बाजूंना बांधतो

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांच्या नियम ३ मध्ये, नंतरच्या दुरुस्त्या धरून, या विषयावर चार गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या एकमेकींवर उभ्या आहेत.

कर्मचाऱ्याने आपल्या सर्वोत्तम विवेकानुसार काम करावं, ही पहिली. वरिष्ठाच्या निर्देशावरून काम करत असेल तेवढाच अपवाद. वरिष्ठाचा निर्देश सामान्यतः लेखी असावा आणि तोंडी निर्देश शक्यतो टाळावेत, ही दुसरी. तोंडी देणं अटळच झालं, तर देणाऱ्याने त्याची लगेच लेखी पुष्टी करावी, ही तिसरी. तोंडी निर्देश मिळालेल्याने लवकरात लवकर लेखी पुष्टी मागावी आणि ती मागितल्यावर देणं हे वरिष्ठाचं कर्तव्य राहील, ही चौथी.

चौथी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पुष्टी मागणं हा कनिष्ठाचा आगाऊपणा आहे असा समज असतो. नियमाने मात्र मागणं हे कनिष्ठाचं काम ठरवलं आहे आणि देणं हे वरिष्ठाचं. न मागणाराही नियम चुकवतो आणि न देणाराही.

आयएएस, आयपीएस यांच्यासारख्या अखिल भारतीय सेवांसाठी १९६८ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांतही हाच आशय आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. त्यांतही निर्देश लेखी घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी घ्यावी, अशी अपेक्षा आहे.

केंद्राच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत आणखी एक बारकावा आहे. आदेश आपल्या थेट साहेबाने न देता त्याच्याही वरच्या साहेबाने दिला, तर मधल्या साहेबाला ते लवकरात लवकर कळवायचं. हा बारकावा पुढच्या उदाहरणात उपयोगी पडेल.

४. ‘चर्चा करावी’ आणि त्यानंतरची रिकामी जागा

तोंडी आदेश नेहमी फोनवरच येतात असं नाही. कितीतरी आदेश नस्तीच्या आतूनच हरवतात.

नस्ती म्हणजे फाइल. तिच्या टिप्पणीच्या बाजूला कनिष्ठ अधिकारी प्रस्ताव लिहितो आणि वरिष्ठ त्यावर निर्णय लिहितो. पण अनेकदा वरिष्ठ निर्णयाऐवजी दोनच शब्द लिहितो: ‘चर्चा करावी’. कनिष्ठ नस्ती घेऊन दालनात जातो, दहा मिनिटं बोलणं होतं, नस्ती परत येते आणि नवी टिप्पणी सुरू होते: ‘चर्चेनुसार प्रस्ताव पुनश्च सादर.’ प्रस्ताव मात्र आता पहिल्याच्या उलट असतो. आधी ‘मंजूर करणे नियमानुसार शक्य नाही’ असं लिहिणाऱ्याच माणसाची आता ‘मंजुरीस हरकत नसावी’ अशा ओळीखाली सही असते. मधल्या दहा मिनिटांत काय झालं, हे कागद सांगत नाही.

पाच वर्षांनी ही नस्ती चौकशी अधिकाऱ्यासमोर आली, तर तिच्यात मत फिरवणारा एकच माणूस दिसतो, आणि तो कनिष्ठ असतो.

यावर उपाय म्हणून केंद्राच्या त्याच कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत सांगितलेलं आहे की अधिकाऱ्यांच्या चर्चेत, फोनवरच्या चर्चेतसुद्धा, जे मुद्दे निघाले आणि जो निष्कर्ष निघाला तो संबंधित नस्तीवर नोंदवावा. ‘चर्चेनुसार’ हा शब्द त्यासाठी पुरत नाही. चर्चा कोणाशी, कोणत्या तारखेला झाली, कोणता मुद्दा पुढे आला आणि त्यामुळे आधीचं मत का बदललं, एवढं लिहिलं तर ती नोंद होते. त्यासाठी चार ओळी लागतात.

५. एक टिपण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता एक काल्पनिक पण रोज घडणारं उदाहरण घेऊ. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यालगत गटाराचं काम चालू आहे. मंजूर लांबी २४० मीटर. हिशेबाच्या सोयीसाठी दर मीटरला २,५०० रुपये धरू, म्हणजे मंजूर खर्च ६ लाख रुपये.

कामावर शाखा अभियंता आहे. त्याचा थेट वरिष्ठ उपअभियंता आणि त्याच्यावर कार्यकारी अभियंता. १० जूनला सकाळी साडेअकरा वाजता कार्यकारी अभियंता पाहणीला येतात. उपअभियंता त्या दिवशी दुसऱ्या कामावर आहेत. आदल्या रात्रीच्या पावसाने चार घरांत पाणी शिरलं आहे आणि गावकरी जमले आहेत. साहेब हात दाखवून म्हणतात, ‘हे तिकडपर्यंत वाढवून घ्या, आजच सुरू करा.’ आणि गाडीत बसतात.

शाखा अभियंत्याच्या मते ‘तिकडपर्यंत’ म्हणजे शाळेच्या फाटकापर्यंत. अंतर ६० मीटर, जादा खर्च दीड लाख. ठेकेदार लगेच यंत्र लावतो.

संध्याकाळी तो पहिला मसुदा लिहितो: ‘मा. साहेबांच्या तोंडी सूचनेनुसार गटाराचे वाढीव काम हाती घेण्यात आले आहे. माहितीस्तव सादर.’

हे टिपण लिहिल्याचं समाधान देतं, पण उपयोगाचं नाही. कोणते साहेब, कधी, कुठे, किती मीटर, कशासाठी, किती पैशांचं, यातलं काहीच त्यात नाही. ‘माहितीस्तव’ या शब्दामुळे तर वाचणाऱ्याला उत्तर देण्याची गरजच उरत नाही. सही करून कागद परत येईल, आणि ती सही कागद पाहिल्याची असेल, आदेश दिल्याची नसेल.

दुसरा मसुदा असा:

‘मा. कार्यकारी अभियंता यांनी दि. १० जून रोजी सकाळी ११.३० वाजता कामाच्या ठिकाणी पाहणी करताना, रात्रीच्या पावसाचे पाणी लगतच्या चार घरांत शिरल्याचे पाहून, गटार पुढे वाढविण्याची तोंडी सूचना दिली. उपअभियंता यावेळी उपस्थित नव्हते. या सूचनेचा अर्थ मंजूर कामाच्या शेवटापासून शाळेच्या फाटकापर्यंत, म्हणजे ६० मीटर वाढ, असा घेण्यात आला आहे. मंजूर लांबी २४० मीटर असून या वाढीमुळे अंदाजे १,५०,००० रुपये जादा खर्च येईल. तो मंजूर रकमेत बसत नाही. घरांत पाणी शिरू नये म्हणून आज पहिल्या २० मीटरचे खोदकाम केले आहे. उर्वरित लांबीचे काम पुष्टी मिळेपर्यंत थांबविले आहे. वरील अर्थ व लांबी बरोबर असल्याची लेखी पुष्टी व्हावी, तसेच वाढीव कामास सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेण्याबाबत निर्देश व्हावेत, ही विनंती. उपअभियंत्यांमार्फत सादर.’

इथे कुठलाही आरोप नाही, खुशामत नाही, ‘माझी जबाबदारी राहणार नाही’ अशी धमकीही नाही. तरी जबाबदारी वाटली गेली आहे. सूचना कोणी, कधी, कुठे दिली हे पहिल्या वाक्यात आलं. कारणही आलं, कारण कारणाशिवाय जादा खर्च उद्या उधळपट्टीसारखा दिसतो. ‘सूचनेचा अर्थ असा घेण्यात आला आहे’ हे वाक्य सर्वांत कामाचं आहे. साहेबांच्या तोंडी शब्द न घालता लिहिणारा आपल्याला काय समजलं ते सांगतो, म्हणजे दुरुस्तीला वाव राहतो. काय झालं आणि काय थांबवलं हे वेगळं केल्यामुळे आजवरचा धोका २० मीटरपुरता, म्हणजे ५०,००० रुपयांपुरता राहिला. आणि ‘उपअभियंत्यांमार्फत’ या एका शब्दाने मधला साहेब अंधारात राहिला नाही.

११ तारखेला उत्तर येतं: ‘वाढ मोरीपर्यंत अपेक्षित आहे, शाळेपर्यंत नाही. लांबी ४० मीटर. सुधारित प्रस्ताव तातडीने सादर करावा.’

साहेबांनी मोरीकडे हात केला होता आणि शाखा अभियंत्याला त्याच दिशेची शाळा दिसली होती. दोघेही खरं बोलत होते. टिपण गेलं नसतं, तर २० मीटर गटार जास्त बांधलं गेलं असतं, ५०,००० रुपयांचं बिल अडलं असतं, आणि मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाची मापं ज्यात लिहितात त्या वहीत, ६० मीटरच्या नोंदीखाली एकट्या शाखा अभियंत्याची सही राहिली असती.

वेळेचं काय? टिपण त्याच संध्याकाळी गेलं, म्हणून त्याला वजन आहे. हेच टिपण तीन महिन्यांनी, लेखापरीक्षकाचा आक्षेप आल्यावर, मागची तारीख घालून लिहिलं असतं तर ते सहसा पकडलं जातं. आवक-जावक नोंदवहीत त्या तारखेला त्याचा क्रमांक नसतो, टिप्पणीच्या पानांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि तेव्हा ठाऊक नसलेली माहिती मजकुरात डोकावते. असं टिपण नसण्यापेक्षा वाईट, कारण मग बनावटीचा नवा आरोप येतो.

हीच काळजी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सूचनेबाबत घ्यावी लागते. साहेबांचा संदेश आला म्हणजे लेखी आदेश आला, असं वाटणं साहजिक आहे. पण फोन बदलतो, संदेश पुसला जातो, साहेबांची बदली होते. संदेशाचा मजकूर, तारीख आणि वेळ नस्तीवर उतरवून त्यावर पुष्टी घेतली, तर तो कार्यालयाचा अभिलेख होतो. तोवर तो दोन माणसांच्या खिशातला असतो.

६. उत्तर आलंच नाही तर?

इथे दोन जगं वेगळी होतात आणि त्यांची गल्लत महागात पडते.

मोठ्या बांधकाम कंत्राटांचं जग पहिलं. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तयार केलेले कंत्राटाचे नमुने जगभरच्या मोठ्या प्रकल्पांत वापरले जातात. त्यांच्या १९९९ च्या नमुन्यात कलम ३.३ आहे. अभियंत्याने ठेकेदाराला तोंडी सूचना दिली, ठेकेदाराने दोन कामकाजी दिवसांत तिची लेखी पुष्टी पाठवली, आणि ती मिळाल्यापासून दोन कामकाजी दिवसांत अभियंत्याने लेखी नकार किंवा वेगळी सूचना दिली नाही, तर ठेकेदाराचं ते पत्रच अभियंत्याची लेखी सूचना मानलं जातं. सोमवारी सूचना मिळाली, बुधवारी पत्र पोहोचलं, शुक्रवार संपेपर्यंत उत्तर नाही, की सूचना पक्की. इथे मौनाला अर्थ आहे, कारण दोन्ही पक्षांनी तो कंत्राटातच ठरवून घेतला आहे.

सरकारी कचेरीचं जग दुसरं. वर्तणूक नियमात ‘लगेच’ आणि ‘लवकरात लवकर’ हे शब्द आहेत, पण दिवसांचा आकडा नाही आणि मौन म्हणजे संमती असंही कुठे म्हटलेलं नाही. म्हणून ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास आपली मान्यता गृहीत धरली जाईल’ असं वाक्य कनिष्ठाने टिपणात घातलं, तर ते दिसायला कडक असलं तरी त्याला नियमाचा आधार नाही.

मग मौनाच्या वेळी टिपणाचा उपयोग काय? उपयोग उरतोच. टिपण पोहोचल्याची पोच असेल, आठवड्याने त्या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र गेलं असेल, आणि मधल्या वरिष्ठाला प्रत असेल, तर निदान एवढं सिद्ध होतं की कनिष्ठाने आपलं कर्तव्य केलं आणि वरिष्ठाला नकार द्यायची संधी मिळाली होती. आदेश सिद्ध झाला असं मात्र त्यातून होत नाही. म्हणूनच उदाहरणातल्या शाखा अभियंत्याने उरलेलं काम थांबवलं होतं. थांबता येण्याजोगं काम उत्तर येईपर्यंत थांबवायचं. थांबता न येणारं, म्हणजे जीव किंवा मालमत्ता वाचवणारं काम, लागेल तेवढंच करायचं आणि तेवढंच लिहायचं.

७. ढाल कुठे संपते

लेखी पुष्टीला दोन हद्दी आहेत.

पहिली हद्द नियमानेच आखली आहे. केंद्राच्या नियम ३ खाली एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. अधिकारांच्या वाटपानुसार जिथे वरिष्ठाच्या सूचनेची किंवा मंजुरीची गरजच नाही, तिथे ती मागून स्वतःची जबाबदारी टाळण्याची मुभा या नियमाने मिळत नाही. ज्या कारकुनाला दाखल्याचा अर्ज स्वतः तपासायचा अधिकार आहे, त्याने प्रत्येक अर्जावर ‘आदेशार्थ सादर’ लिहून साहेबांकडे पाठवला, तर तो स्वतःचं काम साहेबांच्या टेबलावर सरकवतो. याची खूण ओळखायला सोपी आहे: टिपणात लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत नसतं आणि साहेबाने प्रत्यक्षात काही सांगितलेलंही नसतं. तिथे पुष्टी करण्याजोगं काहीच घडलेलं नसतं.

दुसरी हद्द कायद्याची. लेखी झाल्याने आदेश बेकायदा असायचा राहत नाही. उदाहरणातल्या कार्यकारी अभियंत्याने ‘होय, ४० मीटर’ असं लिहिलं, तरी जादा खर्चाला सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागणारच. पुष्टीने आदेश कोणाचा हे ठरतं. आदेश देण्याचा अधिकार त्याला होता का, हा प्रश्न वेगळा आहे. खोटं मोजमाप नोंदवा, असा आदेश सहीशिक्क्यासह आला तरी तो पाळणारा सुटत नाही. फार तर आरोपींची यादी लांबते. आदेश नियमात बसत नसेल, तर टिपणात तसं स्पष्ट लिहून, नियमाचा हवाला देऊन पुढचे निर्देश मागायचे असतात. साहेब अशा वेळी पुष्टी द्यायलाच टाळाटाळ करतात, आणि पुष्कळदा तोंडी आदेश तिथेच विरून जातो.

८. मंत्र्यांचा फोन आणि नागरिकाचा अर्ज

सर्वांत अवघड तोंडी आदेश मंत्र्यांच्या कार्यालयातून येतात, कारण तिथे बोलणारा बहुधा मंत्री नसतोच. ‘साहेबांची इच्छा आहे’ असं त्यांचा स्वीय सहायक सांगतो. केंद्राची कार्यपद्धती यावर स्पष्ट आहे: मंत्र्यांच्या वतीने त्यांच्या कर्मचाऱ्याने तोंडी आदेश कळवला, तर त्याने लगेच लेखी पुष्टी करायची. ‘इच्छा’ नोंदवली की ती कोणाची होती, मंत्र्यांची की सहायकाची, हेही उघड होतं.

नियम असूनही प्रघात तोंडीच राहिला, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकारी मिळून ८३ जणांनी याचिका केली. ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, कारण मग ते स्वतःच्या जोखमीवर काम करत असतात. तोंडी निर्देश नोंदवले जावेत यासाठी केंद्राने आणि राज्यांनी तीन महिन्यांत सूचना काढाव्यात, असा आदेशही दिला.

त्या निकालात एक धागा असा होता जो आधीच्या नियमांत नव्हता. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे निर्णय कसा झाला हे जाणून घ्यायचा हक्क नागरिकाला मिळाला. पण अभिलेखावर नसलेल्या गोष्टीची प्रत मिळू शकत नाही. तोंडी आदेशांमुळे हा हक्कच निष्फळ होतो आणि वशिलेबाजीला व भ्रष्टाचाराला वाट मिळते, असं न्यायालयाने नोंदवलं. म्हणजे जे टिपण आजवर साहेब आणि हाताखालचा माणूस या दोघांमधलं मानलं जात होतं, त्याला तिसरा वाचक मिळाला.

गटाराच्या उदाहरणातला एखादा गावकरी दहा रुपये शुल्क भरून अर्ज करू शकतो: गटार शाळेपर्यंत न नेता मोरीशीच का थांबलं, त्याबाबतच्या टिप्पण्यांच्या प्रती द्याव्यात. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत त्याला उत्तर मिळायला हवं. १० आणि ११ जूनचे दोन कागद नस्तीत असतील, तर लांबी कोणी ठरवली आणि कोणत्या कारणासाठी, हे त्याला कळेल आणि पुढची दाद कोणाकडे मागायची हेही कळेल. ते कागद नसतील, तर जनमाहिती अधिकारी एका ओळीत ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं कळवेल, आणि गावकऱ्याला जे विचारायचं होतं ते त्याला शाखा अभियंत्यालाच विचारावं लागेल, कारण मोजमाप पुस्तकात सही फक्त त्याची असेल.